शून्य शुक्राणू : नळी बंद की उत्पादनच नाही?

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली तपासणी कुणाची होते हे सांगायला नको. सुनेची होते. तिच्या सोनोग्राफ्या होतात, गर्भनलिका उघडी आहे का ते पाहायला दुखरा एक्स-रे होतो, महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. सासू एखाद्या बुवाचे नाव काढते, शेजारीण अंगारा आणून देते. आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी, जी काही शे रुपयांत एका दिवसात होते, ती दोन-दोन वर्षे राहून जाते. मग एक दिवस ती होते आणि कागदावर एकच शब्द येतो : निरंक. म्हणजे वीर्यात एकही शुक्राणू नाही.

असा रिपोर्ट दर शंभर पुरुषांत साधारण एकाचा येतो. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत तर शंभरात दहा ते पंधरा जणांचा येतो. म्हणजे ही काही जगावेगळी गोष्ट नाही. तरीही तो कागद हातात पडल्यावर बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर कागद पेटीच्या तळाशी जातो आणि सुनेचा छळ तसाच चालू राहतो. नाहीतर घाबरून जो कुणी पहिला "करून देतो" म्हणेल त्याच्या हातात पैसे दिले जातात. दोन्हींत एक प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि पुढचे सारे त्या प्रश्नावर अवलंबून असते. हे शून्य कोणते?

आमच्या ओळखीतील दोन जोडप्यांची हकीकत त्यांच्या संमतीने, नावे न देता, येथे देत आहोत. दोघेही नवरे कामगार, दोघांच्याही रिपोर्टात तेच शून्य. पण दोघांची वाट पूर्ण वेगळी निघाली.

टाकी आणि नळ

पहिला गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात फिटर. वय ३३, पत्नी २९ वर्षांची. त्याला डॉक्टरांनी समजावले ते त्याच्याच धंद्याच्या भाषेत. डॉक्टर म्हणाले, "नळाला पाणी येत नाही अशी तक्रार आली तर तुम्ही आधी काय बघता?" तो म्हणाला, "साहेब, टाकीत पाणी आहे का ते बघतो. टाकी भरलेली असेल तर लाईनीत कचरा अडकलाय. टाकीच कोरडी असेल तर लाईन खोदून काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले, "तुमचेही तेवढेच बघायचे आहे."

शुक्राणू वृषणात, म्हणजे अंडकोषातील दोन गोट्यांत तयार होतात. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेथून तो वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या, गुंडाळी केलेल्या एका बारीक नळीत येतो. ही गुंडाळी उलगडली तर सहा मीटरच्या आसपास भरते. तिला वैद्यकीय भाषेत अधिवृषण म्हणतात, आपण गुंडाळीच म्हणू. तेथून पुढे सुतळीएवढी जाड शुक्रवाहिनी निघते, जी नसबंदीत कापतात तीच. ती वर पोटात जाते आणि मूत्रमार्गाला मिळते. वाटेत त्यात दोन ग्रंथींचा रस मिसळतो आणि त्याचे वीर्य बनते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वीर्याचा बहुतेक सारा भाग हा त्या रसाचा असतो. शुक्राणूंचा वाटा शंभरात दोन-पाच भागच. म्हणून वीर्यात शुक्राणू नसले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही आणि बहुतेकांच्या संबंधातही उणीव नसते. "मी तर धडधाकट आहे, माझ्यात दोष कसा असेल?" असे म्हणणारा पुरुष खोटे बोलत नसतो. त्याला ते कळण्याचा मार्गच नसतो. मर्दानगीचा आणि या शून्याचा काही संबंध नाही, हे घरातल्या मोठ्यांनीही ध्यानात घ्यावे.

शून्य खरेच शून्य आहे ना?

दोन्ही गृहस्थांचा पहिला रिपोर्ट गल्लीतल्या लॅबचा होता. दोघांनाही तज्ज्ञाने तपासणी पुन्हा करायला लावली. हे योग्यच होते. एका नमुन्यावर शून्याचा शिक्का मारू नये. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता, काही आठवड्यांच्या अंतराने निदान दोन नमुने द्यावेत. नुसता एक थेंब काचेवर पाहून भागत नाही. नमुना यंत्रात जोराने फिरवून तळाशी बसलेला साका तपासला गेला पाहिजे. कधीकधी वर काही दिसत नाही, पण साक्यात चार-दोन शुक्राणू सापडतात. ते गोठवून ठेवले की पुढची शस्त्रक्रियाच टळू शकते. रिपोर्टात साका तपासल्याचा उल्लेख नसेल तर तसे लॅबला विचारण्यात संकोच करू नये.

नमुना डबीत देताना पहिला भाग सांडला असेल तर तेही लाजेने लपवू नये. शुक्राणू मुख्यत्वे त्या पहिल्या भागातच असतात. जुना मधुमेह असलेल्यांत किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेल्यांत वीर्य बाहेर न येता उलटे मूत्राशयात जाते. अशांची त्यानंतरची लघवी तपासली की उलगडा होतो.

बोटांनी लागलेला शोध

फिटरचा दुसरा रिपोर्टही शून्याचा आला. पण त्यात आणखी तीन गोष्टी होत्या, ज्यांकडे पहिल्या लॅबने लक्षच दिले नव्हते. वीर्य फक्त ०.७ मिलिलिटर होते. साधारणपणे ते दीड मिलिलिटरच्या आसपास किंवा अधिक असावे लागते. ते आम्लधर्मी होते. आणि त्यात फ्रुक्टोज नावाची साखर नव्हती, जी वरच्या ग्रंथीच्या रसात हमखास असते. तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या : वरच्या ग्रंथीचा रसदेखील येत नाही.

मग डॉक्टरांनी हाताने तपासले. मण्यांची माळ असते, त्यात लहान-मोठे मणी मिलिलिटरच्या मापाने ओवलेले असतात. ते वृषणाशेजारी धरून आकार ठरवतात. फिटरचे वृषण दोन्ही बाजूंना २० च्या मण्याएवढे भरले. मोठ्या माणसाचे ते साधारण १५ ते २५ असते, म्हणजे टाकी भरलेली. पुढे डॉक्टरांनी अंडकोषाच्या वरच्या भागात दोन बोटांत शुक्रवाहिनी चाचपली. ती ताणलेल्या दोरीसारखी, वायरीसारखी हाताला लागते. या गृहस्थाच्या ती एका बाजूला लागली नाही. दुसऱ्या बाजूलाही नाही. त्याच्या शरीरात ती जन्मतःच नव्हती.

पाच वर्षे चाललेल्या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत दोन बोटांनी मिळाले. त्याला ना सोनोग्राफीची गरज पडली ना महागड्या यंत्राची. म्हणून आम्ही म्हणतो, शून्याचा रिपोर्ट पाहून जो डॉक्टर पुरुषाला तपासणीच्या टेबलावर न घेताच औषधे लिहितो किंवा थेट खर्चाचा आकडा सांगतो, तेथून उठून यावे.

नळी बंद असण्याची कारणे आणखीही आहेत. नसबंदी हे तर उघडच आहे. पहिली पत्नी वारल्यावर किंवा मूल गमावल्यावर पुन्हा संसार मांडणारे काही जण असे येतात. गुप्तरोगाचा जुना संसर्ग, जननमार्गाचा क्षय, लहानपणी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत दुखावलेली नळी, ही इतर कारणे. देवीच्या रोगानेही गुंडाळीची नळी चिकटून बंद होत असे. मुंबईच्या डॉक्टरांनी १९७३ साली तसे लिहून ठेवले आहे. तो रोग आता गेला. नळी गुंडाळीत अडलेली असेल तर वीर्याचे प्रमाण नेहमीसारखेच राहते, कारण रस वरून येतच असतो. म्हणून वीर्य भरपूर आहे एवढ्यावरून नळी उघडी आहे असे मानू नये.

मेंदूचा हुकूम

रक्ताच्या एका तपासणीचे नाव या कामी सारखे कानावर येईल : एफ.एस.एच. हे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून निघणारे संप्रेरक. वृषणाला शुक्राणू बनवण्याचा हा हुकूम. वृषण काम करत असेल तर उलट निरोप जातो आणि हुकूम बेताचा राहतो. वृषण दाद देत नसेल तर मेंदू जास्त जोराने ओरडतो, म्हणजे एफ.एस.एच. चढते. फिटरचे ते ४.१ होते. वृषण भरलेले आणि एफ.एस.एच. सात-आठच्या आत असेल तर बहुधा नळीचा अडथळा असतो. वृषण लहान आणि एफ.एस.एच. चढलेले असेल तर बहुधा उत्पादनाचाच दोष असतो.

बहुधा हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. काही पुरुषांत शुक्राणू बनण्याचे काम अर्ध्यावर अडते. कच्चा माल तयार होतो, पक्का होत नाही. अशांचे वृषण भरलेले आणि एफ.एस.एच. अगदी बेताचे असते. कागदावर तो नळीचाच दोष वाटतो, आणि सुई घातल्यावर काहीच मिळत नाही. शुक्रवाहिनी हाताला लागत नसेल किंवा नसबंदी झालेली असेल तर शंका राहत नाही. बाकीच्यांना मात्र शस्त्रक्रियेआधी ही शक्यता डॉक्टरांनी सांगायला हवी.

एफ.एस.एच. अगदीच कमी, जवळजवळ नाहीच, असाही एक प्रकार आहे. त्यात वृषण चांगले असते, पण मेंदूकडून हुकूमच येत नाही. ही माणसे थोडी पण भाग्यवान, कारण संप्रेरकाची इंजेक्शने काही महिने ते वर्ष-दोन वर्षे घेतल्यावर त्यांच्यातील अनेकांच्या वीर्यात शुक्राणू येतात. यातलाच एक हातचा उद्योग सध्या वाढला आहे. जिममध्ये शरीर कमावायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारी पोरे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू हुकूम थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येतात. ते बंद केल्यावर बहुतेकांचे महिन्यांनी पूर्ववत होते, काहींना वर्षाच्या वर लागते. डॉक्टरांपुढे हे कबूल करावे, नाहीतर नको ती शस्त्रक्रिया व्हायची.

सुईने काढलेले शुक्राणू

फिटरची टाकी भरलेली, लाईन नाही. औषधाने नळी उगवणार नाही हे त्याला पटले. पण त्याच वृषणातून शुक्राणू काढून मूल होऊ शकते, हे त्याला ठाऊक नव्हते. ही वाट फार जुनी नाही. एक शुक्राणू बारीक काचेच्या सुईने थेट स्त्रीबीजाच्या पोटात सोडण्याची रीत बेल्जियमच्या ब्रसेल्स शहरात सिद्ध झाली आणि १९९२ साली जाहीर झाली. तिला इक्सी म्हणतात. त्याआधी लाखो शुक्राणूंची गरज पडे. आता एका स्त्रीबीजाला एक पुरतो. म्हणून वृषणातून काढलेले थोडेसे, धड पोहताही न येणारे शुक्राणूही कामाचे ठरू लागले.

त्याआधी त्याची आणखी एक तपासणी झाली. जन्मतः शुक्रवाहिनी नसणाऱ्या पुष्कळ पुरुषांत एका विशिष्ट जनुकाचा दोष असतो. हाच दोष आई आणि बाप दोघांकडून मुलात आला तर मुलाला फुप्फुसाचा आणि पचनाचा गंभीर आजार, सिस्टिक फायब्रोसिस, होतो. दोघांतही तो असेल तर दर गरोदरपणात चारात एक अशी जोखीम. फिटरमध्ये तो सापडला. पत्नीच्या रक्तात सापडला नाही, तेव्हा पुढे जायला हरकत राहिली नाही. शिवाय अशा काही पुरुषांना एक मूत्रपिंडही जन्मतः नसते, म्हणून पोटाची सोनोग्राफी करतात. त्याची दोन्ही जागेवर होती. हा आजार आपल्याकडे नसतो असे सांगून कुणी ती रक्ततपासणी टाळत असेल तर ऐकू नये.

मग एका सकाळी जागा बधिर करून त्याच्या गुंडाळीत बारीक सुई घातली. पंधरा-वीस मिनिटांचे काम. सिरिंजमध्ये आलेला पिवळसर थेंब शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि तेथून निरोप आला : "हलतायत, भरपूर आहेत." गुंडाळीत मिळाले नसते तर सुई वृषणातच घातली असती. नळीच्या दोषात या दोन्ही रीतींनी मिळून शुक्राणू जवळजवळ नेहमीच मिळतात. मिळालेले चार नळ्यांत गोठवून ठेवले, म्हणजे पुन्हा सुई नको. तो तिसऱ्या दिवशी कामावर होता, फक्त जड उचलायचे आठवडाभर टाळले.

खरा ताप पत्नीला झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. दोष नवऱ्यात, पण दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन तिला. शेवटी भूल देऊन तिची ११ स्त्रीबीजे काढली. त्यातली ९ पक्की निघाली, ६ फळली, आणि पाचव्या दिवशी गर्भाशयात सोडण्याजोगे गर्भ उरले २. पहिला सोडला, टिकला नाही. दोन महिन्यांनी दुसरा सोडला. त्यांची मुलगी आता रांगते आहे. असे आकडे सगळीकडे घसरतच जातात, हे आधीच कळलेले बरे. शुक्राणू मिळाले म्हणजे मूल झाले असे नाही. त्यानंतरचे यश मुख्यतः पत्नीच्या वयावर असते, आणि पस्तिशीनंतर ते वेगाने उतरते.

नसबंदी झालेल्यांसाठी किंवा गुंडाळीत अडथळा असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. दुर्बिणीखाली नळी पुन्हा जोडणे. पत्नी तरुण असेल, नसबंदीला फार वर्षे झाली नसतील, तर ही वाट स्वस्त पडते आणि एकाहून अधिक मुलेही होऊ शकतात. इक्सीचा खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून हा प्रश्न आधी विचारावा. जेथे फक्त इक्सीच होते तेथे तो कदाचित कुणी काढणार नाही.

कोरडी टाकी

दुसरा गृहस्थ एस.टी.च्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. वय ३५, पत्नी ३१. त्याचे वीर्य २.४ मिलिलिटर, सगळे नेहमीसारखे, फक्त शुक्राणू नाहीत. दोन्ही शुक्रवाहिन्या बोटांना लागल्या. पण वृषण ८ च्या मण्याएवढे आणि मऊ, आणि एफ.एस.एच. २४. म्हणजे मेंदू ओरडतो आहे, कारखाना दाद देत नाही.

तज्ज्ञाकडे येण्याआधी त्याने दीड वर्ष काउंट वाढवण्याच्या गोळ्या आणि पुड्या घेतल्या होत्या. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या काही निवडक माणसांना शस्त्रक्रियेपूर्वी औषधे देतात, हे खरे. पण उत्पादनाच्या दोषातील शून्याचे गोळ्यांनी शंभर झाले असे घडत नाही. या गोळ्यांत गेलेला पैसा एक वेळ परत कमावता येतो. पत्नीच्या वयाची गेलेली दीड वर्षे परत येत नाहीत.

कारखाना का बंद पडतो? लहानपणी वृषण पोटातच राहिलेले आणि उशिरा उतरवलेले, तरुणपणी गालफुगीबरोबर वृषणाला आलेली सूज, कर्करोगाची औषधे. काही जणांत जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त असते. काहींच्या वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असतो. आणि अनेकांत कारण सापडतच नाही. ही दोन गुणसूत्रांची तपासणी शस्त्रक्रियेआधी व्हायलाच हवी, कारण तिच्यावर शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरते. वाय गुणसूत्राच्या ज्या भागाचे तुकडे गळतात त्याचे ए, बी, सी असे तीन भाग मानतात. ए किंवा बी संपूर्ण गळाला असेल तर वृषणात शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. अशा माणसावर शस्त्रक्रिया करणे म्हणजे त्याला नाहक कापणे. सी गळाला असेल तर सुमारे निम्म्या जणांत मिळतात. मेकॅनिकचा सी गळाला होता. डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितले की मुलगा झाला तर हाच दोष त्याच्यात उतरेल, मुलीत उतरणार नाही. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "त्याच्या वेळी त्याला आधीच ठाऊक असेल. आम्हाला तेवढेही नव्हते."

अशा वृषणात आंधळेपणाने सुया मारून फारसे हाती लागत नाही. सारा कारखाना बंद असला तरी एखाद्या कोपऱ्यात दोन-चार यंत्रे चालू असतात, आणि ती शोधावी लागतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर पीटर श्लेगेल यांनी १९९९ साली यासाठी दुर्बिणीखालची रीत मांडली. तिला मायक्रो-टेसे म्हणतात. पूर्ण भूल किंवा कमरेतून भूल देऊन वृषण मधोमध उघडतात आणि पंधरा-वीस पटींनी मोठे करून आतल्या केसासारख्या नळ्या तपासतात. ज्या नळ्यांत काम चालू आहे त्या फुगीर आणि दुधट दिसतात, रिकाम्या बारीक आणि चपट्या. दुधट नळीचा कण काढून लगेच शेजारच्या टेबलावर प्रयोगशाळेतील तज्ज्ञ तो कुस्करून पाहतो. मिळाले की थांबतात. नाही मिळाले तर दुसरी बाजू उघडतात. दोन-चार तास लागतात. एवढे करूनही उत्पादनाच्या दोषात साधारण निम्म्याच पुरुषांत शुक्राणू सापडतात. ही जगभरच्या चांगल्या केंद्रांची गोष्ट आहे. कुणी शंभर टक्के हमी देत असेल तर तो खोटे बोलतो आहे असे खुशाल समजावे.

आता एक पेच होता. पत्नीची स्त्रीबीजे काढायच्या दिवशीच हे करावे, की आधी करून शुक्राणू गोठवावेत? त्याच दिवशी केले तर शुक्राणू ताजे मिळतात, आणि अशा थोड्याशा शुक्राणूंसाठी ते बरे, कारण गोठवून परत वितळवताना काही मरतात. पण शुक्राणू मिळालेच नाहीत तर तिची इंजेक्शने, भूल आणि पैसा वाया. मेकॅनिकने सोसायटीचे कर्ज काढले होते. दोघांनी आधी शोधायचे ठरवले, आणि मिळाले तर तेथेच गोठवायची सोय आहे ना, हे लेखी घेतले. वृषणातून कणभरही काही काढायचे असेल, अगदी नुसत्या निदानासाठी, तरी ही सोय असलेल्या ठिकाणीच काढावे. तपासायला तुकडा काढला, त्यात शुक्राणू दिसले, आणि ठेवायची सोय नव्हती म्हणून फेकून दिले, अशी माणसे आम्ही पाहिली आहेत.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. दोन्ही बाजू पाहिल्या, मिळाले नाहीत. प्रयोगशाळेत पाठवलेल्या तुकड्यातही बीजपेशी आढळल्या नाहीत. मेकॅनिकला आठवडाभर सूज होती, बर्फ आणि घट्ट लंगोट यांनी ती उतरली. रक्त साचून गाठ झाली, ताप आला किंवा सूज वाढतच गेली तर तत्काळ परत जावे लागते, तसे काही झाले नाही. मात्र या शस्त्रक्रियेने टेस्टोस्टेरॉन काही महिने उतरते, त्यामुळे थकवा येतो, इच्छा मंदावते. बहुतेकांचे ते वर्षभरात सावरते, मुळातच ते कमी असलेल्यांना कधी औषध लागते. म्हणून तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात त्याचे रक्त तपासले. पुन्हा शस्त्रक्रिया करू देण्याविषयी एका दुसऱ्या केंद्राने विचारले होते, तीही दोनच महिन्यांनी. त्याच्या डॉक्टरांनी नाही म्हटले. जखम भरायला निदान सहा महिने जावे लागतात, आणि चांगल्या हातांनी दोन्ही बाजू पाहिल्यावर पुन्हा मिळण्याची आशा फार थोडी.

त्यानंतर

घरात सल्ला आला की धाकट्या भावाचे घ्या, घरातले घरात राहील. असे करता येत नाही. २०२१ सालच्या कायद्याप्रमाणे दात्याचे वीर्य नोंदणी झालेल्या बँकेतूनच घ्यावे लागते, दात्याची ओळख गुप्त राहते आणि एका दात्याचे वीर्य एकाच जोडप्याला देता येते. नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते, आणि जन्मलेले मूल कायद्याने त्या दोघांचेच असते. पत्नीचे वय २१ ते ५० आणि पतीचे २१ ते ५५ असावे लागते. केंद्राच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहून घ्यावे.

आणि दात्याचे वीर्य घ्यायचे ठरले तर बहुधा इक्सीची गरजच राहत नाही. त्यात शुक्राणू भरपूर असतात, ते बारीक नळीने गर्भाशयात सोडले तरी पुष्कळदा भागते. त्याचा खर्च इक्सीच्या मानाने फार थोडा. पत्नीच्या नलिका उघड्या असतील तर तीच पहिली पायरी. दात्याच्या वीर्यासाठीही कुणी थेट इक्सीच सुचवत असेल तर कारण विचारावे. ज्यांना हे नको ते दत्तक घेऊ शकतात. १९५६ चा दत्तकविधानाचा कायदा बौद्धांनाही लागू आहे. सरकारी नोंदणीतून बाळ मिळायला मात्र वर्षानुवर्षे लागतात, तेव्हा नाव लवकर नोंदवावे.

मेकॅनिक आठ महिने काहीच बोलला नाही. पत्नीने घाई केली नाही, सासूला मात्र पहिल्यांदाच स्पष्ट सांगितले की दोष माझ्यात नव्हता आणि यांचाही अपराध नाही. मग एका रविवारी त्यानेच विषय काढला. दात्याच्या वीर्याने दोन वेळा नळीचा उपचार झाला आहे, अजून दिवस गेलेले नाहीत. चार-पाच वेळा करून पाहायचे, मग पुढचे ठरवायचे, असे दोघांचे ठरले आहे. पुढची तारीख त्यांनी तिच्या पाळीप्रमाणे घेतली आहे. त्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये रजा टाकणार आहे. या वेळी अर्जात कारण लिहिणार आहे : पत्नीचा दवाखाना नव्हे, आमचा दोघांचा.